आलेख कागदावरचं चाकण

आमच्या कारखान्यात ग्राइंडिंग व्हील बनत. म्हणजे लोखंडाला धार लावायला किंवा पृष्ठभाग गुळगुळीत करायला यंत्रावर जे खरखरीत दगडी चाक फिरतं, ते. भोसरी ओलांडून पिंपरीच्या अलीकडे आमची शेड होती आणि शेडच्या पुढच्या बाजूला चार खोल्यांचं ऑफिस. विक्री विभाग म्हणजे मी, एक टेलिफोन, एक टाइपरायटर आणि बाहेर फिरणारे तीन सेल्समन. मी टायपिस्ट म्हणून लागले होते, पण पाच-सहा वर्षांत ऑर्डरी, चौकशा, तक्रारी, सगळं माझ्याच टेबलावर येऊन पडायला लागलं. त्याला बढती म्हणायची की नाही, हे साहेबांनी कधी स्पष्ट केलं नाही.

साहेब म्हणजे मालक. इंजिनिअर माणूस, हुशार, स्वभावाने चांगला. पण मुंबईला व्याख्यान ऐकून आले की आठ दिवस आम्हाला जपून राहावं लागे. त्या वर्षी ते 'विक्री कशी वाढवावी' ऐकून आले आणि दुसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर परिसराचा नकाशा पसरलेला आणि त्यावर पारदर्शक आलेख कागद ठेवून साहेब चौकोन मोजत होते.

"बाई, बघा. तिघांना अगदी सारखे चौकोन. कुणी पक्षपात म्हणायला नको."

मी बघितलं. एका भागात पिंपरी आणि भोसरी. दुसऱ्यात चिंचवड, आकुर्डी, निगडी. तिसऱ्यात मोशीपासून पुढे सगळं चाकण.

"साहेब, चाकणमध्ये कांद्याचा बाजार आहे," मी म्हणाले.

"क्षेत्रफळ सारखं आहे," साहेब म्हणाले.

आज तिथे काय झालंय ते लोक बघतातच, पण तेव्हा चाकणकडे कारखाने शोधायला लागत आणि कांदे मात्र आपणहून समोर येत. साहेबांना ते सांगून उपयोग नव्हता. चौकोन मोजून झाले होते.

योजना अशी होती. महिन्यात जो जेवढ्या रकमेची ऑर्डर आणेल, त्याला त्यावर टक्केवारी. जो पहिला येईल त्याला दुप्पट टक्केवारी, शिवाय ऑफिसातल्या फळ्यावर पहिल्या ओळीत मान. दुसऱ्याच्या हद्दीत कुणी पाऊल ठेवायचं नाही. आणि जो लागोपाठ तीन महिने शेवटचा येईल, त्याला कामावरून कमी करायचं. हे पत्र मीच टाइप केलं, तीन कार्बन घालून.

तिघांपैकी पिंपरीचा भाग मिळालेला तरुण होता, बुटांना रोज पॉलिश, खिशात दोन पेनं. चिंचवडवाला पस्तिशीचा, गोड बोलणारा, सगळ्या गेटांवरच्या वॉचमनांचा दोस्त. आणि तिसरे मामा. त्यांना सगळा कारखाना मामाच म्हणायचा. मोशीचे राहणारे, पन्नाशी उलटलेली, आधी आमच्याच भट्टीवर कामाला होते. धुराने छातीचा त्रास व्हायला लागला म्हणून साहेबांनी त्यांना विक्रीकडे घेतलं होतं. मोशीहून रोज सायकलवर यायचे.

मामांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, उघडून परत वाचलं.

"बाई, म्हंजे मला काढायचं ठरलंय का?"

"तसं कुठे लिहिलंय? तीन महिने आहेत अजून."

"चाकणात तीन म्हयन्यात काय हुतंय? कांदं निघत्यात."

त्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती आणि शिकणारा मुलगा. दुसरी नोकरी त्या वयाला कोण देणार होतं? हे दोघांनाही माहीत होतं.

पहिल्या महिन्यात साहेब हवेत होते. ऑर्डरी दीडपट झाल्या. पेढे वाटले. फळ्यावर पिंपरीवाल्याचं नाव सर्वांत वर आणि त्याखाली मी काढलेली रेघ, कारण साहेबांना रेघ हवी होती.

पण ऑफिसात काय चाललं होतं, ते मी बघत होते. फोन एकच आणि नवी चौकशी त्यावरच येणार. एरवी नऊच्या आत न दिसणारे पिंपरीवाला आणि चिंचवडवाला साडेसातला फोनच्या दोन्ही बाजूंना येऊन बसायला लागले. फोन वाजला की दोघांचे हात एकदम. एकदा मी मागे स्टोअरमध्ये गेले होते, परत आले तर पिंपरीवाला रिसीव्हर धरून बारीक आवाजात बोलत होता, "हो, हो, मी बाईच बोलतेय. तुमच्याकडे आमचे पिंपरीचे साहेब येतील हं."

दुपारी त्याच गिऱ्हाइकाने मला फोन करून विचारलं, "बाई, सर्दी बरी आहे का आता?"

मी पिंपरीवाल्याला समोर उभं केलं. "माझा आवाज असा आहे?"

"बाई, धंद्याचा प्रश्न आहे हो."

"उद्यापासून साडी नेसून या मग."

चिंचवडवाल्याची तऱ्हा वेगळी. तो माझ्या टेबलावर रोज काहीतरी आणून ठेवायचा. कधी पेरू, कधी भेळ, एकदा अर्धा किलो वांगी. चौकशीचं रजिस्टर आधी त्याला दाखवावं, एवढीच अपेक्षा. वांगी मी सगळ्या स्टाफला वाटली. रजिस्टर कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधली.

महिनाअखेरीला तर कहर. एकतीस तारखेला ऑर्डरींचा पाऊस आणि पुढच्या महिन्याच्या चार तारखेला रद्द केल्याची पत्रं. टक्केवारी तोवर मिळालेली. चिंचवडवाल्याने आकुर्डीच्या एका सायकल दुकानदाराच्या सहीने साठ चाकांची ऑर्डर दिली. त्या दुकानात हवा भरायचा पंप सोडला तर दुसरं यंत्र नव्हतं.

मामांनी त्या महिन्यात तीन चाकं विकली. दोन एका लोहाराला आणि एक कांद्याच्या आडत्याला, विळे धारदार करायला.

दुसऱ्या महिन्यात माल परत यायला लागला. हे समजण्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ग्राइंडिंग व्हील मऊ असतं किंवा कठीण असतं आणि नवख्याला वाटतं त्याच्या उलट वापरायचं असतं. कठीण पोलादाला मऊ चाक लागतं, म्हणजे बोथट झालेले कण आपोआप झडून जातात आणि खालचे ताजे कण पुढे येतात. तिथे कठीण चाक लावलं तर ते झिजत नाही, पण काच झाल्यासारखं चकचकीत होतं, कापत नाही आणि जॉब, म्हणजे घासायला लावलेला लोखंडी भाग, जाळतं. पिंपरीवाल्याने काय केलं होतं, तर 'टिकाऊ, टिकाऊ' म्हणून सगळ्यांच्या गळ्यात कठीण चाकं बांधली होती, तीही चार-चार महिने पुरतील एवढी.

ती सगळी परत. स्टोअर भरलं म्हणून साहेबांच्या केबिनकडे जाणाऱ्या बोळात रचली. बोळ इतका अरुंद झाला की साहेबांना आडवं होऊन केबिनमध्ये शिरावं लागे. ते शरीराने भरभक्कम असल्याने दिवसातून दोन-तीनदा चाकं कोसळल्याचा आवाज आणि पाठोपाठ इंग्रजी उद्गार ऐकू येई.

तिसरा महिना लागून आठवडा उलटला, तेव्हा भोसरीच्या एका मोठ्या कारखान्यातल्या फोरमनचा फोन आला. "बाई, तुमचे ते सायकलवाले मामा कुठायत? आजारी आहेत का?"

"ते चाकणला असतात. तुमच्याकडे पिंपरीचे सेल्समन येतात ना?"

"ते येतात, ऑर्डर घेतात, जातात. मामा येऊन चाकाला कान लावायचे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघायचे, तडा आहे का. कुठल्या जॉबला कुठलं चाक, ते आमच्या पोरांना सांगायचे. दोन महिने झाले, फिरकले नाहीत. आमचे जॉब जळतायत."

मी रजिस्टर काढलं आणि त्या दिवशी अजून सहा गिऱ्हाइकांना फोन केले. सहाही ठिकाणी मामा होते. मोशीहून येताना वाटेत एकेका कारखान्यात अर्धा-अर्धा तास डोकावून ते ऑफिसात उशिरा पोहोचायचे आणि उशिराबद्दल साहेबांची बोलणी खायचे. आम्हा कुणालाच पत्ता नव्हता.

संध्याकाळी मामांना विचारलं.

"जायचो की पहिलं. आता हद्द न्हाई आपली. पत्रात लिवलंय."

"पण हे आधी कधी बोलला नाहीत ते?"

"त्यात बोलायचं काय? चाक आपलंच हाय की."

मी साहेबांकडे गेले. बोळातून मला आडवं व्हावं लागलं नाही, एवढं नमूद करते. सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "बाई, भावना बाजूला ठेवा. आकडे बघा. मामा दोन महिने शेवटचे आहेत."

"परत आलेली चाकं कुणाच्या आकड्यात धरली?"

"ती कुणाच्याच नाही."

"मग ती बोळात कशी आली?"

साहेबांनी दाराबाहेर बोळाकडे नजर टाकली. मग चिडून म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही करा दुसरी योजना. महिनाअखेरपर्यंत. मला पटली तर ही रद्द. नाही पटली, तर तिसरा महिना पूर्ण होतोय आणि मामांचं पत्र तुम्हालाच टाइप करायचंय."

एकवीस दिवस होते. मी पहिला मसुदा दोन दिवसांत केला आणि फार खूश झाले. सगळी जादा रक्कम एका डब्यात, तिघांना सारखी. भांडणच नको. चहाच्या वेळेला तिघांना वाचून दाखवला.

पिंपरीवाला उसळला. "म्हणजे मी पळायचं आणि यांनी बसून खायचं?"

चिंचवडवाला म्हणाला, "बाई, अप्रतिम. यात एक शब्द बदलू नका."

त्याचा चेहरा बघूनच मी मसुदा फाडला.

मग एक गोष्ट सुचली. आपल्या योजनेत भोकं कुठे आहेत हे आपल्याला दिसत नाही, ज्याला शिरायचंय त्याला दिसतं. गुरुवारी आमच्या भागात कारखान्यांना सुट्टी असते. त्या गुरुवारी मी तिघांना ऑफिसात बोलावलं, घरून कांदेपोहे करून नेले आणि दुसरा मसुदा समोर ठेवला.

"ही योजना लागू झाली असं समजा. यात फसवून पैसे कसे काढाल, ते सांगा. जो जास्त पळवाटा शोधील त्याला जास्त पोहे."

पिंपरीवाल्याने आणि चिंचवडवाल्याने एकमेकांकडे संशयाने बघितलं.

"सापळा आहे का बाई?"

"नाही. सांगितलं त्याबद्दल कुणाला काही होणार नाही. लपवलं तर मात्र मी इथेच बसलेय."

मग पिंपरीवाला म्हणाला, "तुम्ही लिहिलंय, ऑर्डर आली की नाही, माल पोहोचल्यावर मोजणार. मी मित्राच्या शेडवर पोहोचवीन, महिना उलटला की परत."

"हा तसंच करतो," चिंचवडवाला म्हणाला.

"आणि तुझा सायकलवाला?"

"तो उदाहरण म्हणून होता रे, भावा."

मी खोडलं आणि लिहिलं, गिऱ्हाइकाचे पैसे आल्यावर मोजायचं, आणि तीन महिन्यांच्या आत चाक परत आलं तर तेवढं वजा. तीन महिन्यांनंतर आलं तर सेल्समनच्या डोक्यावर नाही, कारण माणसाला कधीतरी सुटकाही पाहिजे.

"तुमचं लिहिलंय, ठरलेला आकडा गाठला तरच पैसे," पिंपरीवाला आता रंगात आला होता. "गाठणं शक्य नाही असं वीस तारखेला दिसलं, तर मी उरलेल्या ऑर्डरी खिशात ठेवीन, पुढच्या महिन्यात काढीन. आणि थोडंच कमी पडत असेल, तर गिऱ्हाइकाच्या गळ्यात काहीही मारीन."

तेही खोडलं. उंबरठाच काढला. थोडं काम, थोडी रक्कम, वाढत जाणारी. हिशोब महिन्याला न करता तिमाहीला, म्हणजे एकतीस तारखेचा तमाशा वर्षातून बारा वेळा होणार नाही. पगाराला हात लावायचा नाही आणि वरची सगळी रक्कम मिळून पगाराच्या पावपटीपर्यंतच. त्याहून मोठं आमिष ठेवलं की माणूस झोपेतही लबाडी करतो, हे मी दोन महिने बघितलं होतं.

चौकोनांऐवजी प्रत्येक भागातली ग्राइंडिंगची यंत्रं मोजायची आणि त्या मानाने कुणाकडून किती अपेक्षा धरायची ते ठरवायचं. यावर दोघं एकदम हसले.

"आपल्या भागातली यंत्रं कोण खरी सांगणार, बाई? मी निम्मीच सांगेन."

"मग तुमच्या भागातली हे मोजतील."

"मी दुप्पट मोजीन," चिंचवडवाला म्हणाला.

शेवटी असं ठरलं की दोघांनी एकाच स्कूटरवर बसून एकत्र मोजायचं आणि एका कागदावर दोघांच्या सह्या. चाकणची यंत्रं मोजायला मीच मामांबरोबर जाणार होते. त्यांना एक बस पुरली असती.

मामा इतका वेळ पोहे खात ऐकत होते. माझ्या मसुद्यात एक कलम खास त्यांच्यासाठी होतं. जो सेल्समन विकलेल्या चाकाची देखभाल करायला जाईल, मग ते कुणीही विकलेलं असो, त्याला दर भेटीमागे काही रक्कम. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण मामांना वाचवायचा माझा हुकमी पत्ता तोच होता.

मामांनी बोट ठेवलं नेमकं त्यावर.

"बाई, ह्ये खोडा."

"का?"

"भेटी मोजल्या ना, तर मी चाक नीट बसवणारच न्हाई. थोडं डगडगतं ठिवीन. दर आठ दिसाला बोलावत्याल. मी जाईन, दोन ठोके टाकीन, भेट झाली. कोन धरनार?"

पिंपरीवाल्याने चमचा खाली ठेवला. "मामा, तुम्ही तर आमचे गुरू निघालात राव."

मला मामांचा राग आला. मी त्यांना पाण्याबाहेर ओढत होते आणि ते माझाच दोर कापत होते. पण ते बरोबर होतं. मी ते कलम खोडलं आणि तासभर नुसती बसून राहिले. मग लिहिलं की भेटी मोजायच्या नाहीत, परत येणारा माल मोजायचा. पूर्वीपेक्षा माल कमी परत आला तर वरच्या रकमेचा एक भाग तिघांना मिळून, जास्त आला तर कुणालाच नाही. जास्तीत जास्त भाग मात्र ज्याच्या त्याच्या कामावरच ठेवला, नाहीतर चिंचवडवाला पुन्हा 'अप्रतिम' म्हणाला असता. शिवाय कुणी दुसऱ्याला गिऱ्हाईक दाखवलं आणि चिठ्ठीवर दोघांनी सह्या केल्या, तर त्या ऑर्डरीतला तिसरा हिस्सा दाखवणाऱ्याचा. हद्दीचं कलम काढून टाकलं. फळा पुसायचा.

ओल्या मसुद्यावर विश्वास ठेवायची माझी सवय नाही. मी मागच्या वर्षाची रजिस्टरं काढली आणि ही योजना तेव्हा असती तर कुणाला काय मिळालं असतं, ते तिमाहीवार मांडलं. रजिस्टरात मामांच्या फेऱ्यांची नोंद नव्हतीच, पण माल परत येण्याचा रकाना होता आणि तो मागच्या वर्षी जवळजवळ कोरा होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी कागद घेऊन केबिनमध्ये गेले. मामा तिसऱ्यांदा शेवटचे होते. साहेबांनी कोरं लेटरहेड माझ्याकडे सरकवून ठेवलं होतं, टाइप करायला.

त्यांनी माझे कागद शांतपणे वाचले.

"यात पहिला कोण येणार?"

"कुणीच नाही."

"मग पळणार कशाला?"

"आपल्याच मागच्या आकड्यापुढे जायला. दुसऱ्याला पाडायला नाही."

"मामांना मागच्या वर्षी यात किती मिळालं असतं?"

मी आकडा दाखवला. बऱ्यापैकी होता.

साहेब मागे रेलले. "बाई, खरं सांगा. ही योजना तुम्ही मामांना वाचवायला बनवलीय."

"सुरुवात तशीच केली होती," मी म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता, ते चौकोन मोजणारे होते. "पण मामांनीच त्यांच्या फायद्याचं कलम खोडायला लावलं. सर्वांत जास्त रक्कम कुणाला येते, बघा."

त्यांनी बघितलं. पिंपरीवाल्याला. त्याच्या भागात यंत्रं जास्त होती आणि माणूस खरोखर पळणारा होता. फक्त सरळ रस्त्याने पळाला असता तर.

साहेब बराच वेळ माझ्या मांडणीतल्या बेरजा तपासत होते. एक चूक सापडली, तिने ते फार सुखावले. मग त्यांनी ते लेटरहेड पुढे ओढलं. त्यांनी ते पालथं घातलं आणि पाठीमागे लिहायला लागले, 'सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर'.

योजना निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. पहिल्या तिमाहीत ऑर्डरी त्या पेढ्यांच्या महिन्याइतक्या झाल्या नाहीत आणि साहेब दोन दिवस उदास होते. तिसरा हिस्सा कुणाचा यावर चिठ्ठ्यांची भांडणं झाली, त्यात मला न्यायाधीश व्हावं लागलं. पुढच्या वर्षी तिघांचा मिळून असलेला भाग अजून थोडा कमी करावा लागला. पण माल परत येणं थांबत गेलं आणि साहेब केबिनमध्ये समोरून चालत जायला लागले.

नवं पत्र मी तिघांना सहीसाठी दिलं. दोघांनी लगेच सही केली. मामांनी पत्र नेहमीसारखं दोनदा वाचलं.

"बाई, ह्ये 'जास्तीत जास्त पावपट' लिवलंय. म्हंजे त्याच्या वर न्हाईच?"

"नाही."

"आन् भोसरीचं एखादं नवीन गिऱ्हाईक मी दावलं, तर तिसराच हिस्सा? निम्मा का न्हाई?"

"मामा, कालपर्यंत तुमची नोकरी राहते की नाही याचा पत्ता नव्हता."

"ते कालचं झालं. आज सही कराया सांगताय न्हवं? मग नीट बोलू की."

त्यांनी खुर्ची ओढली, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि बसले. अर्धा तास घासाघीस चालली. मी एक पैसाही वाढवून दिला नाही.